कामं चार, सीव्ही एक: तारखांचा क्रम धरायचा की विषयांचा?

प्रश्न: वय ३९, बी.एससी. केमिस्ट्री. जून २००८ ते ऑगस्ट २०१२ औषध कंपनीत क्यूसी केमिस्ट. मग मे २०१६ पर्यंत एमआर. त्यानंतर जून २०२१ पर्यंत चुलत भावाबरोबर तासगावला बेदाण्याचं ग्रेडिंग-पॅकिंग युनिट, हंगामात १४ माणसं, वर्षाला साधारण १८० टन माल. ते बंद केलं. मार्च २०२२ पासून एका फूड टेस्टिंग लॅबसाठी कंत्राटावर सॅम्पलिंग आणि पुरवठादारांची पाहणी. आता अन्नप्रक्रिया कंपनीत क्यूए एक्झिक्युटिव्हसाठी अर्ज करायचाय. मित्र म्हणतो, "तारखा खाली ढकल, कौशल्यं वर घे, नाहीतर धरसोड दिसते." सीव्ही तारखेप्रमाणे लिहू की विषयाप्रमाणे? आणि एकदा काड्या निघाल्या म्हणून ९ टन माल परत आला होता, ते लपवायचं ना?

उत्तर: तारखेप्रमाणेच लिहा, सगळ्यात अलीकडचं काम सगळ्यात वर. पहिल्या पानाचा वरचा पाव भाग मात्र विषयांना द्या. आणि काड्यांचं प्रकरण लपवू नका. ती तुमच्या सीव्हीतली सगळ्यात जोरकस ओळ होऊ शकते, त्याबद्दल पुढे लिहितो.

मी १८ वर्षं पुणे आणि शिरवळ भागातल्या कारखान्यांसाठी भरती केली, त्यातली बरीचशी क्यूसी, क्यूए आणि प्रॉडक्शनची. तुमच्या मित्राचा सल्ला चुकीच्या हेतूने दिलेला नाही. काही माणसांना तो लागूही पडतो. तुम्हाला का लागू पडत नाही, हे कळण्यासाठी सीव्ही वाचणारा माणूस काय करतो ते आधी बघा.

त्याच्या डोक्यात त्या वेळी दोनच गोष्टी असतात: हा माणूस आत्ता काय करतो, आणि जे लिहिलंय ते कुठे, किती काळ केलं. निव्वळ विषयवार सीव्हीत पहिल्या गोष्टीचं उत्तर मिळत नाही, दुसऱ्याचं तर मुळीच नाही. "कच्च्या मालाची तपासणी, कागदपत्रांचं व्यवस्थापन, पथकाचं नेतृत्व" असं वर छान मांडलेलं असतं आणि खाली चार नावं, चार तारखा. मग वाचणारा स्वतःच जुळवाजुळव करायला लागतो. तपासणी औषध कंपनीत केली की बेदाण्यात? नेतृत्व १४ माणसांचं होतं की एका सहायकाचं? त्याच्या टेबलावर आणखी साठ सीव्ही असतील तर तो ही जुळवाजुळव करत बसत नाही.

मी स्वतः असा एक सीव्ही बाजूला ठेवला होता. दूध प्रक्रियेतल्या एका जागेसाठी अर्ज होता, कौशल्यांचे पाच गट होते, मजकूर चांगला होता, पण कोणतं काम कोणत्या नोकरीतलं ते शेवटपर्यंत कळेना. तारखा झाकल्यात म्हणजे काहीतरी असेल, असं मी धरून चाललो. सहा-सात महिन्यांनी तीच बाई ओळखीतून समोर आली. झाकण्यासारखं काहीच नव्हतं. दोन बदल्या आणि बाळंतपणानंतरची दीड वर्षं, एवढंच. त्या जागेवर ती उत्तम बसली असती. ती चूक माझी होती, आणि मला ती अजून लागते. पण वाचणारे बहुतेक लोक तेच करतात, हेही खरं आहे. तारखा खाली ढकलल्या की धरसोड लपत नाही, उलट लपवल्याचा वास येतो.

आता दुसरी बाजू. निव्वळ तारीखवार सीव्हीही तुमच्यासारख्याचं नुकसान करतो. वरून खाली वाचत गेलं की लॅब, धंदा, विक्री, लॅब अशी चार वेगळी माणसं दिसतात. त्यांना जोडणारा धागा तुम्हाला दिसतो, कारण ते आयुष्य तुम्ही जगलात. वाचणाऱ्याला तो दाखवावा लागतो. विषयवार रचनेचं काम तेवढंच. सांगाडा तारखांचा, आणि वर धाग्यांची ओळख.

मग धागा खरा आहे की ओढून आणलेला, हे कसं ओळखायचं? मी लोकांना एक साधं काम करायला लावतो. कोऱ्या कागदावर चारही कामं चार रकान्यांत लिहा. प्रत्येक रकान्यात पदनाम लिहू नका, हाताने काय केलं ते लिहा. "क्यूसी केमिस्ट" लिहू नका. "ड्रममधून कच्च्या मालाचे नमुने घेतले, एचपीएलसी चालवली, निकाल मर्यादेबाहेर गेला की कारण शोधून अहवाल लिहिला" असं लिहा. मग रंगीत पेनांनी एकसारख्या कामांभोवती गोल करा. एखादा रंग निदान दोन रकान्यांत आला, तर तो विषय वर घ्यावा. त्यात सगळ्यात अलीकडचा रकानाही असेल, तर तो मुख्य धागा. जो रंग एकाच रकान्यात आहे, तो त्या नोकरीखालीच राहू द्या. आणि ज्या वाक्याला कोणताही रकाना मिळत नाही, ते वाक्य सीव्हीत नकोच.

तुमच्या बाबतीत करून बघू.

पहिला रंग माल स्वीकारण्याचा. औषध कंपनीत तुम्ही कच्च्या मालाचे नमुने घेतले असणार. तासगावच्या सौद्यात पेट्या उघडून लॉट बघितले असणार: रंग, मण्यांचा आकार, ओल, काडीकचरा. लॅबसाठी आज पुरवठादाराच्या गोदामात जाऊन नमुने घेताय. तीन रकाने भरले, त्यात चालू काम आलं. हा तुमचा मुख्य धागा. अन्नप्रक्रिया कंपनीच्या क्यूएमध्ये रोजचा वाद इथेच असतो: गाडी दारात उभी आहे, स्टोअर म्हणतंय उतरवून घ्या, प्रॉडक्शन म्हणतंय माल हवाय, आणि क्यूएने ठरवायचं की लॉट घ्यायचा की परत पाठवायचा. तुम्ही या दाराच्या दोन्ही बाजूंना उभे राहिला आहात. स्वतःच्या पैशाने माल घेतलाय आणि दुसऱ्यासाठी नमुनाही घेतलाय. अशी माणसं फार भेटत नाहीत.

दुसरा रंग बिघाडाचं मूळ शोधण्याचा. इथेच ते ९ टन येतात. माल परत आला त्यानंतर तुम्ही काय केलं? चाळणी बदलली? काडी काढणाऱ्या यंत्राची गती कमी केली? पॅकिंगआधी हाताने निवडण्याचा टप्पा वाढवला? पुढच्या हंगामात काड्यांची तक्रार आली का? याची उत्तरं तुमच्याकडे आहेत, ती दोन ओळींत उतरवा. निकाल मर्यादेबाहेर गेल्यावर औषध कंपनीत तुम्ही जे कागदावर केलं, तेच इथे स्वतःचं नुकसान सोसून केलं. क्यूएच्या मुलाखतीत "एखादी तक्रार आली तेव्हा काय केलंत" हा प्रश्न जवळपास ठरलेला असतो. ज्याच्याकडे खरी गोष्ट असते, त्याला उत्तर पाठ करावं लागत नाही. फक्त एक खबरदारी घ्या. "तक्रारी शून्यावर आणल्या" असं लिहायचं असेल तर ते खरंच तसं असलं पाहिजे, कारण पुढचा प्रश्न "मोजलं कसं?" हा असतो.

तिसरा रंग लोक बहुतेकदा ओढून आणतात: संवादकौशल्य. एमआर म्हणून रोज डॉक्टरांना भेटलात, धंद्यात माणसं सांभाळली, म्हणजे संवाद चांगला. असेल, पण ते वर मांडू नका. त्याला मोजमाप नाही आणि प्रत्येक सीव्हीत तेच असतं. त्याऐवजी १४ जणांना हातमोजे, टोप्या, हात धुणं, पेटीवर लॉट नंबर टाकणं हे शिकवलं असेल, तर ते युनिटच्या नोंदीत लिहा. तो एकाच रकान्यातला रंग आहे, म्हणून वर येणार नाही, पण खाली वजनदार दिसेल.

म्हणजे तुमच्याकडे वर मांडण्यासारखे विषय दोनच निघाले, आणि दोन पुरेसे आहेत. पाच-सहा विषय झाले की वाचणाऱ्याला परत यादीच दिसते.

सीव्ही इंग्रजीत जाईल, पण रचना दिसावी म्हणून वरचा भाग मराठीत लिहून दाखवतो:

"क्यूए एक्झिक्युटिव्ह पदासाठी. औषध आणि अन्न क्षेत्रांत मिळून १३ वर्षं गुणवत्तेचं काम, सध्या फूड टेस्टिंग लॅबसाठी पुरवठादार पाहणी.
माल स्वीकृती: औषध कंपनीत कच्च्या मालाचं सॅम्पलिंग (२००८–१२), स्वतःच्या युनिटसाठी बेदाण्याची लॉटवार तपासणी व खरेदी, वर्षाला सुमारे १८० टन (२०१६–२१), लॅबसाठी पुरवठादारांकडे सॅम्पलिंग (२०२२ पासून).
तक्रारीचं मूळ शोधणं: मर्यादेबाहेरच्या निकालांची चौकशी (२००८–१२), काड्यांमुळे परत आलेल्या ९ टन मालाचं कारण शोधून ग्रेडिंगमध्ये बदल (युनिट)."

प्रत्येक विषयात नोकरी आणि वर्षं सोबतच आली आहेत, इकडे लक्ष द्या. विषयवार मांडणी संशयास्पद होते ती दावे तारखांपासून सुटे पडल्यामुळे. प्रत्येक दाव्याला त्याचं ठिकाण बांधलेलं असलं की तीच मांडणी वाचणाऱ्याचं काम हलकं करते. "१३ वर्षं" हा आकडाही मोजून लिहा. क्यूसीची सवाचार, युनिटची पाच, लॅबची जी काही झाली असतील ती धरा. एमआरची वर्षं त्यात मिसळू नका. एकूण अनुभव वेगळा, गुणवत्तेचा अनुभव वेगळा.

त्याखाली सरळ चार नोंदी, नवीनपासून जुन्याकडे. लॅबला पाच-सहा ओळी, युनिटला तेवढ्याच, क्यूसीला चार, एमआरला दोन. सगळ्या नोकऱ्यांना सारखी जागा द्यायची हा हट्ट सोडा. एमआरची जवळपास चार वर्षं तिथे दिसली पाहिजेत, पण त्यांनी बोलायची गरज नाही. जुलै २०२१ ते फेब्रुवारी २०२२ या आठ महिन्यांत तुम्ही देणी-येणी मिटवत असाल, यंत्रं विकत असाल, तर "युनिट बंद करण्याची प्रक्रिया" एवढी एक ओळ महिन्यांसकट टाका. लिहिलेल्या गॅपबद्दल एकदा विचारतात आणि पुढे जातात. न लिहिलेली सापडली, तर मुलाखतभर तीच चालते.

आता मी "तुमच्या बाबतीत" असं वारंवार का म्हणतोय ते सांगतो, कारण उत्तर खरंच परिस्थितीवर ठरतं. तुमचं सुदैव असं की चालू काम नव्या कामाच्या जवळचं आहे, म्हणून तारखेचा क्रम तुमच्या बाजूने उभा राहतो. समजा क्रम उलटा असता, म्हणजे क्यूसी २००८ ते १२, मग बेदाणा, आणि गेली पाच वर्षं एमआर. तेव्हा तारीखवार सीव्हीत सगळ्यात वर औषधविक्री आली असती आणि वाचणारा तिथेच थांबला असता. अशा वेळी मी तिसरी मांडणी सुचवतो: अनुभवाचे दोन गट करायचे, "गुणवत्ता व अन्नसुरक्षेतील अनुभव" आणि "इतर अनुभव". प्रत्येक गटात तारखा, आणि प्रत्येक गट नवीनपासून जुन्याकडे. गट विषयाने पाडलेले, आतला क्रम तारखेचा. दोन्ही गट पहिल्याच पानावर आले पाहिजेत, म्हणजे पहिल्या गटात वर्षं तुटलेली दिसली तरी नजर थोडी खाली गेली की ती सापडतात. तुमच्या सीव्हीत एकच नोकरी बाजूला पडतेय. तिच्यासाठी दोन गट पाडले तर मधली चार वर्षं उगाच उठून दिसतील.

मित्र म्हणतो तशी विषयवार रचना पूर्णपणे बरोबर ठरते अशीही माणसं आहेत. वीस वर्षं सल्लागार म्हणून तीस-चाळीस कारखान्यांची कामं केलेला माणूस तारखेने लिहायला लागला तर आठ पानं होतील आणि प्रत्येक नोंदीत "पाहणी केली, अहवाल दिला" हेच येईल. त्याने विषय आणि उद्योग यांप्रमाणे गट करावेत, कामांची यादी शेवटी जोडावी. त्याला नोकरी नको असते, काम हवं असतं, आणि काम देणारा आधी ओळखीतून आलेला असतो. तुमचा अर्ज पोर्टलवरून आणि एचआरच्या हातातून जाणार आहे. तो रस्ता तारखा मागतो.

मागतो म्हणजे शब्दशः मागतो. भरतीच्या पोर्टलवर प्रत्येक नोकरीचं नाव, पद, सुरुवातीचा आणि शेवटचा महिना वेगळा भरावा लागतो. कंपन्यांची सॉफ्टवेअरही सीव्हीमधून हेच उचलायचा प्रयत्न करतात. नोकऱ्यांचे तपशील कौशल्यांखाली विखुरलेले असले की चालू पद आणि एकूण अनुभव हे रकाने रिकामे राहतात किंवा भलतंच काही भरतात. दोन स्तंभांच्या देखण्या टेम्प्लेटनेही हाच घोळ होतो. तपासायला सोपं आहे: तयार पीडीएफ उघडा, सगळा मजकूर कॉपी करा आणि `Notepad` मध्ये पेस्ट करा. तिथे ओळी ज्या क्रमाने दिसतात, साधारण तशाच त्या पुढे वाचल्या जातात. "तासगाव" आणि "२०१६" यांच्या मध्ये तुमचा फोन नंबर घुसलेला दिसला, तर टेम्प्लेट बदला.

यानंतरचा टप्पा पार्श्वभूमी पडताळणीचा. इथे तारखांची चूक नोकरी घालवते, म्हणून लिहायला बसण्याआधीच कागद पुढे ठेवा. ईपीएफओच्या सदस्य पोर्टलवर `View` मध्ये `Service History` असतं. तिथल्या तारखा आणि तुमच्या आठवणीतल्या तारखा ताडून बघा. पडताळणी करणारे रिलीव्हिंग लेटर, सॅलरी स्लिप आणि बऱ्याचदा हाच पीएफचा इतिहास मागतात. तुमच्या बाबतीत दोन गाठी येऊ शकतात. यूएएन २०१४ साली सुरू झाला, आणि तुमची क्यूसीची नोकरी २०१२ ला संपली. तो जुना पीएफ खाते क्रमांक यूएएनला जोडलेला नसेल तर ती नोकरी तिथे दिसणारच नाही. मग त्या कंपनीचं रिलीव्हिंग लेटर हाच पुरावा. ते हरवलं असेल तर आत्ताच मागायला लागा, ऑफर आल्यावर नाही.

दुसरी गाठ कंत्राटाची. तुम्ही लॅबसाठी काम करता, पण पगार मनुष्यबळ पुरवणाऱ्या कंत्राटदाराकडून येत असेल, तर पीएफमध्ये नाव कंत्राटदाराचं असतं. सीव्हीत नुसतं लॅबचं नाव लिहिलं की पडताळणीत "इथे असा कर्मचारी नाही" असं उत्तर येतं. खऱ्या माणसाची खरी नोकरी अशी अडकलेली मी पाहिली आहे. म्हणून "अमुक कंत्राटदारामार्फत, तमुक लॅबसाठी" असं दोन्ही नावांनिशी लिहा. पगार नसून व्यावसायिक शुल्क मिळत असेल आणि टीडीएस कापला जात असेल, तर पीएफ नसणारच. तेव्हा कंत्राटाचं पत्र आणि फॉर्म १६ए जपून ठेवा.

स्वतःच्या युनिटचं रिलीव्हिंग लेटर कोणी देत नाही, म्हणून बरेच जण धंद्याची वर्षं सीव्हीत दबक्या आवाजात लिहितात. तसं करू नका. एफएसएसएआयचा परवाना, जीएसटीची नोंदणी आणि ती रद्द केल्याचा आदेश, भावाबरोबरचा भागीदारी करार, यांतून सुरुवात आणि शेवट दोन्ही सिद्ध होतात. पदनाम लिहिताना "मालक" किंवा "डायरेक्टर" लिहून सोडू नका. "भागीदार, खरेदी व गुणवत्ता" असं लिहा, जर ते काम खरंच तुमच्याकडे होतं. वाचणाऱ्याला एक शंका असतेच, की स्वतःचा धंदा केलेला माणूस साहेबाच्या हाताखाली टिकेल का. लॅबमधल्या चालू कामाने त्याला बरंचसं उत्तर मिळतं. बाकीचं मुलाखतीत विचारतील, तेव्हा युनिट का बंद केलं ते दोन वाक्यांत सरळ सांगा.

आता क्रमाने हे करा: पीएफच्या नोंदी आणि पत्रं काढा, चार रकान्यांचा कागद भरा, मग त्यातून वरचे दोन विषय लिहा. सीव्ही दोन पानांच्या पुढे जाऊ देऊ नका. परत आलेल्या त्या ९ टनांची बिलं, ग्राहकाचं तक्रारीचं पत्र किंवा व्हॉट्सअॅपवर आलेले काड्यांचे फोटो भावाकडे अजून असतील, तर मागवून घ्या. सीव्हीला जोडायचे नाहीत, पण तारीख, लॉट आणि तुम्ही नेमकं काय बदललं हे त्यातून बरोबर आठवेल, आणि ती ओळ तुम्हाला अंदाजाने लिहावी लागणार नाही.